लागलेल्या नेमानंतरचा नेम
जहाजांच्या खेळातील संभाव्यता

पावसाळ्यातल्या रविवारी, मैदानात चिखल झालेला असताना, वसतिगृहाच्या व्हरांड्यात चौकटीच्या वह्या उघडून दोन-दोन मुले पाठीला पाठ लावून बसलेली आमच्या माजी विद्यार्थ्यांना निश्चितच आठवत असतील. मधूनच 'च सहा!' असा पुकारा व्हायचा आणि पलीकडून 'पाणी!' किंवा 'लागला!' असे उत्तर यायचे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील आमच्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसे. तरीही बॅटलशिप हा खेळ त्यांनी आपलासा केला होता, आणि आपल्या जहाजांना आपल्याच नद्यांची नावे दिली होती. पाच घरांची कृष्णा, चार घरांची कोयना, तीन-तीन घरांच्या वारणा आणि येरळा, आणि दोन घरांची माणगंगा.

या खेळाकडे आम्ही शिक्षकांनी बरीच वर्षे केवळ करमणूक म्हणून पाहिले. एवढेच नव्हे, तर मुलांनी कधी सल्ला विचारलाच, तर एक सदोष सल्लाही दिला. त्या सल्ल्यात नेमकी चूक कोणती होती आणि दहावीच्या बीजगणितातील संभाव्यतेचे प्रकरण तेथे कसे उपयोगी पडते, ते या लेखात सविस्तर मांडण्याचा आमचा विचार आहे. वाचकांनी हाताशी कागद-पेन्सिल घ्यावी, ही विनंती.

प्रथम खेळाचे नियम. प्रत्येक खेळाडू दहा ओळी आणि दहा स्तंभ असा १०० घरांचा चौकोन आखतो. आमच्याकडे ओळींना वरून खाली क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट, ठ अशी अक्षरे आणि स्तंभांना डावीकडून उजवीकडे १ ते १० असे अंक देतात. पाच जहाजे आडवी किंवा उभी ठेवायची, तिरपी नाहीत. दोन जहाजे एकमेकांना खेटून उभी राहिली तरी चालते, पण एकाच घरात दोन येत नाहीत. मग आळीपाळीने एकेक घर पुकारायचे. त्या घरात जहाज असेल तर 'लागला', नसेल तर 'पाणी', आणि एखाद्या जहाजाची सर्व घरे लागली की त्या जहाजाचे नाव घेऊन 'बुडाले' असे सांगायचे. कागदावरचा हा खेळ जुना आहे. मिल्टन ब्रॅडली या अमेरिकन कंपनीने १९६७ साली त्याचा प्लॅस्टिकचा संच बाजारात आणला. आमच्या मुलांना मात्र वहीचे एक पान पुरे होते.

पाचही जहाजांची मिळून १७ घरे होतात. कोणताही विचार न करता, एकदा पुकारलेले घर पुन्हा पुकारायचे नाही एवढेच पाळून, नेम मारत राहिले तर सगळी जहाजे बुडायला सरासरी किती नेम लागतील? बहुतेकांचा अंदाज साठ-सत्तरच्या आसपास असतो. खरे उत्तर ९५ हून किंचित अधिक आहे. याचे कारण सोपे आहे. नेमांच्या यादृच्छिक क्रमात १७ जहाजी घरे ८३ रिकाम्या घरांचे १८ गट पाडतात: पहिल्या जहाजी घरापूर्वीचा एक, मधले सोळा आणि शेवटच्या जहाजी घरानंतरचा एक. सरासरीने प्रत्येक गटात ८३ भागिले १८, म्हणजे साधारण ४.६ रिकामी घरे येतात. शेवटच्या गटातली तेवढीच काय ती मारायची वाचतात. म्हणजे नशिबावर हवाला ठेवून खेळणारा जवळजवळ सगळी पाटी पुसून काढतो.

हे चित्र बदलते ते पहिला नेम लागल्यानंतर. घरे आता एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. जहाज सलग आणि सरळ रेषेत असल्यामुळे लागलेल्या घराच्या शेजारी त्याचे दुसरे घर असलेच पाहिजे. हे मुलांना कोणी सांगावे लागत नाही. चार शेजाऱ्यांपैकी कोणता आधी, येथेच घोटाळा होतो.

आमचा जुना सल्ला असा होता: 'वर, उजवीकडे, खाली, डावीकडे, घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरा, म्हणजे काही सुटणार नाही.' सुटणार नाही हे खरेच. पण या सल्ल्यामागे एक न उच्चारलेले गृहीतक होते, की चार बाजू आहेत म्हणून प्रत्येकीची संभाव्यता सारखीच आहे. संभाव्यतेच्या प्रकरणातील सर्वांत सामान्य चूक हीच असते. नमुना अवकाशातील घटक समान शक्यतेचे आहेत की नाहीत, हे न तपासता त्यांची केवळ संख्या मोजली जाते. या खेळात समान शक्यतेच्या गोष्टी बाजू नव्हेत. जहाज ज्या ज्या प्रकारे बसू शकते त्या मांडण्या मोजायच्या असतात, आणि त्यांतल्या किती मांडण्या कोणत्या बाजूला जातात ते पाहायचे असते.

रिकाम्या पाटीवर, अगदी सुरुवातीलाच, मधोमध नेम लागला असे समजू. त्या घरावरून पाच घरांचे जहाज आडवे पाच प्रकारे आणि उभे पाच प्रकारे जाऊ शकते. चार घरांचे चार अधिक चार, आणि असेच पुढे. पाचही जहाजे मिळून ३४ मांडण्या होतात. त्यांपैकी प्रत्येक शेजाऱ्यावर १२ येतात, आणि एक घर सोडून पलीकडच्या घरावर फक्त ७. येथे चारही बाजू खरोखर सारख्या आहेत, आणि आमचा सल्ला निरुपद्रवी आहे.

आता तोच नेम पाटीच्या वरच्या काठावर, क ओळीच्या मध्यभागी लागला असे धरा. वर पाटीच नाही. उभे जहाज येथे बसायचे तर ते क ओळीतच सुरू झाले पाहिजे, म्हणून प्रत्येक जहाजाची उभी मांडणी एकच, एकूण ५. आडव्या मांडण्या मात्र पूर्वीइतक्याच, १७. एकूण २२ मांडण्यांपैकी डाव्या शेजाऱ्यावर १२, उजव्यावर १२, आणि खालच्यावर केवळ ५. काठावर नेम लागला तर काठाकाठाने जावे, हा नियम यातून आपोआप निघतो. घड्याळाच्या काट्याने जाणारा येथेही उजवीकडे जाईल, आणि तेथे पाणी निघाले की डाव्या आणि खालच्या शेजाऱ्यावर प्रत्येकी ५ मांडण्या उरतात, म्हणून पुढचा नेम खाली मारला तरी येथे त्याचे नुकसान होत नाही.

खेळ पुढे सरकतो तसे प्रत्येक 'पाणी' हा एक नवा काठ होतो. याचेच एक उदाहरण आता संपूर्ण सोडवून पाहू. हा डाव खटाव तालुक्यातील एका मुलाचा आणि तासगावकडच्या दुसऱ्या मुलाचा आहे असे समजा. खटावकर नेम मारतो आहे. त्याचे ४० नेम झाले आहेत. समोरच्याची कृष्णा, येरळा आणि माणगंगा बुडाल्या आहेत. चार घरांची कोयना आणि तीन घरांची वारणा शिल्लक आहेत. चाळिसावा नेम च-६ या घरावर लागला, पण काही बुडाले नाही. पूर्वीच्या नेमांमुळे त्याला एवढे ठाऊक आहे: त्याच ओळीत च-३ आणि च-८ येथे पाणी आहे, त्याच स्तंभात वर ग-६ येथे पाणी आहे, आणि खाली ठ-६ पर्यंत एकही नेम मारलेला नाही. वाचकांनी ही चार घरे कागदावर मांडून घ्यावीत.

प्रथम कोयना. आडवी बसायची तर च-३ आणि च-८ यांच्यामध्ये बरोबर चार घरे मोकळी आहेत, ४ पासून ७ पर्यंत. म्हणजे आडवी मांडणी एकच. उभी बसायची तर ती घ-६ पासून खाली ज-६ पर्यंत, किंवा च-६ पासून खाली झ-६ पर्यंत. त्याहून वर ग-६ चे पाणी आड येते. उभ्या मांडण्या दोन.

आता वारणा. आडवी: ४-५-६ किंवा ५-६-७. ६-७-८ जमत नाही, कारण च-८ पाणी आहे. उभी: घ-च-छ किंवा च-छ-ज. म्हणजे दोन आणि दोन.

एकूण मांडण्या सात, तीन आडव्या आणि चार उभ्या. आता प्रत्येक शेजाऱ्यावरून किती जातात ते मोजू. वरच्या घ-६ वरून दोन, उजव्या च-७ वरून दोन, डाव्या च-५ वरून तीन, आणि खालच्या छ-६ वरून चार. म्हणून खाली ४/७, डावीकडे ३/७, वर आणि उजवीकडे प्रत्येकी २/७. यांची बेरीज एकाहून अधिक येते, म्हणून चिकित्सक वाचक अडखळतील. पण या चार घटना परस्परांना वगळणाऱ्या नाहीत. ४-५-६-७ अशी पसरलेली कोयना डावे आणि उजवे ही दोन्ही घरे एकाच वेळी व्यापते, म्हणून ती दोनदा मोजली जाते.

तुलनेसाठी पाहा. या क्षणी पाटीवर ६० घरे अनोळखी आहेत आणि त्यांत ६ जहाजी घरे उरली आहेत. डोळे मिटून मारलेला नेम लागण्याची संभाव्यता एक दशांश. छ-६ वरचा नेम लागण्याची संभाव्यता निम्म्याहून अधिक.

खटावकर छ-६ वर नेम मारतो. समजा, पाणी निघाले. मुले अशा वेळी हळहळतात, 'नेम वाया गेला' म्हणतात. पण सातही मांडण्या पुन्हा पाहा. चारही उभ्या मांडण्या छ-६ वरून जात होत्या. त्या सगळ्या एका फटक्यात रद्द झाल्या. उरल्या तीन आडव्या, आणि त्या तिन्ही डाव्या च-५ वरून जातात. म्हणजे पुढचा नेम डावीकडे मारला तर तो लागणारच. 'पाणी' या उत्तराने ३/७ ची संभाव्यता १ वर नेली. चुकलेला नेम काहीच सांगत नाही, हा समज येथे पुरता खोटा ठरतो.

आता समजा, छ-६ लागला. उभ्या चार मांडण्या उरल्या. पुढे वर जावे की खाली? वरच्या घ-६ वरून चारांपैकी दोन जातात, खालच्या ज-६ वरून तीन. म्हणून खाली. तेथे पाणी निघाले तर घ-च-छ ही वारणेची एकच मांडणी शिल्लक राहते आणि घ-६ निश्चित होते. ज-६ लागून 'वारणा बुडाली' असे ऐकू आले तर काम संपले. लागूनही काही बुडाले नाही, तर ती कोयना आहे, आणि तिचे चौथे घर वर घ-६ किंवा खाली झ-६ येथे आहे. आता दोन्हींची शक्यता सारखी, आणि येथे मात्र नशिबावर सोडण्यावाचून इलाज नाही. बुडाल्याची घोषणा न होणे हीसुद्धा माहितीच आहे, हे मुलांच्या सहसा ध्यानात येत नाही.

या पद्धतीचा लाभ किती, हेही प्रामाणिकपणे मोजले पाहिजे. सातही मांडण्या एकेक करून खेळून पाहिल्या, तर ते जहाज बुडवायला मोजणाऱ्याला सात डावांत मिळून २३ नेम लागतात. घड्याळाच्या काट्याने जाणाऱ्याने इतर सारे शहाणपण पाळले तरी त्याला २६ लागतात. म्हणजे एका जहाजामागे अर्ध्या नेमाहूनही थोडा कमी फायदा. हे ऐकून एखादा विद्यार्थी हिरमुसतो. परंतु असे पाच जहाजांच्या बाबतीत घडते, आणि आमच्या व्हरांड्यातले कितीतरी डाव एका-दोन नेमांच्या अंतराने संपलेले आम्ही पाहिले आहेत. शिवाय दोन मांडण्यांत काटेकाट्याची पद्धत जिंकते, हेही लपवण्याचे कारण नाही. वारणा घ-च-छ अशी असेल, तर वर आधी जाणाऱ्याला दोनच नेम पुरतात आणि मोजणाऱ्याला तीन लागतात. संभाव्यता एखाद्या डावाची हमी देत नाही. अनेक डावांत कोणत्या बाजूला उभे राहणे श्रेयस्कर, एवढेच ती सांगते.

आता या मोजणीच्या मर्यादा. पहिली अशी, की आम्ही कोयनेची आणि वारणेची प्रत्येक मांडणी समान शक्यतेची मानली. काटेकोरपणे पाहता मोजायला हव्यात त्या दोन्ही जहाजांच्या एकत्रित मांडण्या. च-६ वर कोयना असेल तर वारणा पाटीवर इतरत्र कोठेतरी आहे, आणि वारणा असेल तर कोयना इतरत्र. मोठ्या जहाजाला मोकळ्या जागा कमी सापडतात, म्हणून 'वारणा येथे, कोयना इतरत्र' या जोड्या तुलनेने कमी भरतात. परिणामी कोयनेच्या प्रत्येक मांडणीचे वजन थोडे वाढते. ते चक्क दुप्पट धरून पाहू. उभ्या मांडण्यांचे वजन ६ होते, आडव्यांचे ४. खाली ६/१०, डावीकडे ४/१०, वर आणि उजवीकडे ३/१०. आकडे बदलले, क्रम बदलला नाही. हाताने खेळताना साधी मोजणी बहुधा पुरते ती यामुळेच. दोन बाजूंच्या मोजणीत एकाचाच फरक असेल तेव्हा मात्र मोठ्या जहाजाकडे कल ठेवावा.

दुसरी मर्यादा खेटून उभ्या असलेल्या जहाजांची. समजा, एका ओळीत सलग चार घरे लागली आणि समोरून 'वारणा बुडाली' असे आले. वारणा तर तीन घरांची. मग चौथे घर कोणाचे? ते दुसऱ्या जहाजाचे आहे, हे उघड आहे. तरीही पुष्कळ मुले 'बुडाले' ऐकताच तो सारा भाग खोडून टाकतात आणि पाटीच्या दुसऱ्या टोकाला जातात. हातात आलेला धागा सोडून देण्याचा हा प्रकार होय. उपाय एकच. प्रत्येक जहाज बुडाल्यावर लागलेल्या घरांची बेरीज आणि बुडालेल्या जहाजांच्या लांबीची बेरीज ताडून पाहावी. लागलेली घरे जास्त भरली, तर एक अर्धे बुडालेले जहाज तेथेच शेजारी उभे आहे. सरळ रेषेत दोन-तीन घरे लागून दोन्ही टोकांना पाणी निघाले आणि तरी काही बुडाले नाही, तर तीही हीच खूण आहे: ती घरे एका जहाजाची नसून शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या वेगवेगळ्या जहाजांची आहेत. अशा वेळी रेषेच्या आडव्या दिशेला नेम मारावा.

तिसरी मर्यादा माणसाची. आपली मोजणी असे गृहीत धरते की समोरच्याने जहाजे चिठ्ठ्या टाकून ठेवली. प्रत्यक्षात मुले तशी ठेवत नाहीत. कोणी काठावर लपवतो, कोणी दोन जहाजे कधीच खेटून ठेवत नाही, कोणाला आडवेच आवडते. एका खोलीत राहणाऱ्या मुलांना एकमेकांच्या खोडी पाठ असतात. ती माहिती टाकून देऊ नये, मांडण्यांना कमी-अधिक वजन देऊन ती मोजणीत घ्यावी. वरच्या डावात तासगावकर दहापैकी आठ जहाजे आडवी ठेवतो असा खटावकराचा अनुभव असता, तर त्याने डावीकडचे च-५ आधी निवडणेच योग्य ठरले असते. मात्र तो अनुभव खरोखर मोजलेला असावा, कालच्या एका डावाच्या आठवणीवरचा नसावा.

ही मोजणी केवळ वहीच्या पानावर राहिलेली नाही. १९६८ च्या मे महिन्यात अमेरिकेची स्कॉर्पियन ही पाणबुडी ९९ नौसैनिकांसह अटलांटिक महासागरात नाहीशी झाली. जॉन क्रेव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधाच्या क्षेत्राची चौकटींत विभागणी केली. पाणबुडीचे काय झाले असावे याविषयी निरनिराळ्या जाणकारांचे अंदाज घेतले, त्या अंदाजांना वजने दिली आणि प्रत्येक चौकटीची संभाव्यता काढली. एखादी चौकट शोधून तेथे काही सापडले नाही, की तिची संभाव्यता कमी होई आणि उरलेल्यांची वाढे. त्यांची 'पाणी'ची नोंदही अशीच कामाला येत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस अझोर्स बेटांच्या नैर्ऋत्येला, सुमारे तीन किलोमीटर खोलीवर, पाणबुडीचे अवशेष सापडले. एक फरक मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आपल्या खेळात 'पाणी' हे उत्तर पक्के असते. खऱ्या समुद्रात शोधलेल्या चौकटीतही वस्तू नजरेतून सुटलेली असू शकते, म्हणून तेथे ती चौकट कधीच पूर्ण खोडत नाहीत.

गेल्या काही वर्षांत आम्ही आमचा जुना सल्ला मागे घेतला आहे. आता कोणी विचारले तर आम्ही दिशा सांगत नाही. लागलेल्या घरावरून कोणकोणती शिल्लक जहाजे किती प्रकारे जाऊ शकतात ते बोटांवर मोज, आणि सर्वांत जास्त मांडण्या ज्या घरावरून जातात ते पुकार, एवढेच सांगतो. पहिल्या दोन-तीन डावांत मुले कंटाळतात. पुढे मोजणी इतकी सवयीची होते की चार बाजूंना किती मोकळी घरे आहेत याकडे पाहताच बाजू ठरते. दहावीच्या वर्गात फासे आणि नाणी आली की हीच मुले फळ्यावर उत्तर लिहिण्यापूर्वी 'सर, हे सगळे सारख्याच शक्यतेचे आहेत ना?' असे विचारतात.

हा अंक हाती पडेल तेव्हा पुन्हा पावसाळा असेल. घरी नातवंडांबरोबर, मुलांबरोबर चौकटीची वही उघडली, तर वरचा डाव तसाच मांडून पाहावा: च-६ लागलेला, च-३, च-८ आणि ग-६ पाणी. पुढचा नेम कोठे, ते मुलांना आधी सांगू नये. त्यांनी पुकारल्यावर 'तेथेच का?' एवढेच विचारावे.